एकत्र न घडणाऱ्या घटना स्वतंत्र का नसतात?

संख्याशास्त्राच्या प्रथम वर्षाला शिकवताना मी दर वर्षी एक छोटा प्रश्न विचारते. A आणि B या दोन घटना परस्पर अपवर्जी, म्हणजे एकत्र घडू न शकणाऱ्या आहेत, A ची संभाव्यता ०.४ आणि B ची ०.३ आहे, तर या घटना स्वतंत्र आहेत का, हे कारणासह लिहा. बऱ्याच वह्यांत येणारे उत्तर असे असते: ‘होय, कारण दोन्ही घटनांत सामाईक असे काही नाही, म्हणून त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून त्या स्वतंत्र आहेत.’ हे उत्तर लिहिणारी मुले अभ्यास न केलेली नसतात. दोन्ही व्याख्या विचारल्या तर त्या ती बिनचूक सांगतात आणि तरीही नेमके उलटे उत्तर लिहितात. त्यामुळे चूक पाठांतरात नसून कल्पनेत आहे हे उघड आहे, आणि ती कल्पना कुठून येते ते पाहिल्याशिवाय ही चूक जात नाही, असा माझा अनुभव आहे.

मला वाटते, त्याचे एक मूळ ‘स्वतंत्र’ या शब्दातच आहे. रोजच्या मराठीत आपण स्वतंत्र बिऱ्हाड म्हणतो, स्वतंत्र खोली म्हणतो, जिन्याला स्वतंत्र दरवाजा आहे म्हणतो. या सगळ्या ठिकाणी स्वतंत्र म्हणजे वेगळे, न मिसळलेले, मध्ये भिंत असलेले. हाच अर्थ घेऊन विद्यार्थी वर्गात येतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर एकमेकांना न शिवणारी दोन वर्तुळे उभी राहतात. वेनच्या आकृतीत ही दोन अलग वर्तुळे परस्पर अपवर्जी घटनांची खूण असतात, पण विद्यार्थी त्यांनाच स्वातंत्र्याचे चित्र समजून बसतो. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांचीही सुटका होत नाही, कारण ‘इंडिपेंडंट’ या शब्दाने त्यांच्याही मनात अलगपणाच उमटतो. संभाव्यतेच्या शास्त्रात मात्र ‘स्वतंत्र’ हा शब्द अलगपणाविषयी काहीच सांगत नाही. एका घटनेची बातमी कळल्यावर दुसरीविषयीचा आपला अंदाज बदलतो की नाही, एवढेच तो सांगतो.

हे एका वर्गाच्या उदाहरणाने पाहू. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ठरवलेले आहेत, परंतु चित्र पुण्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या वर्गासारखे आहे. डेक्कनजवळच्या एका महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या तुकडीत ६० विद्यार्थी आहेत. महाविद्यालयात येण्याचे मुख्य साधन कोणते, असे प्रत्येकाला विचारले आणि प्रत्येकाने एकच उत्तर द्यायचे असे ठरवले. २४ जण पीएमपीच्या बसने येतात, १८ जण दुचाकीने येतात आणि उरलेले १८ जण मेट्रोने, सायकलने किंवा पायी येतात. आता हजेरीपटावरच्या ६० क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून त्यांतली एक चिठ्ठी न पाहता उचलली. निघालेला विद्यार्थी बसने येणारा असण्याची संभाव्यता ६० पैकी २४, म्हणजे ०.४ आहे, आणि तो दुचाकीने येणारा असण्याची संभाव्यता ६० पैकी १८, म्हणजे ०.३ आहे. प्रत्येकाने एकच साधन सांगितले असल्यामुळे या दोन्ही घटना एकाच विद्यार्थ्याच्या बाबतीत खऱ्या ठरू शकत नाहीत, म्हणजेच त्या परस्पर अपवर्जी आहेत. सुरुवातीच्या प्रश्नातले A आणि B हेच समजा.

चिठ्ठी माझ्या हातात आहे आणि तुम्ही ती पाहिलेली नाही. हा विद्यार्थी बसने येत असेल का, असे मी विचारले तर तुम्ही ०.४ म्हणाल. इतक्यात शेजारच्याने चिठ्ठी पाहून सांगितले, ‘हा दुचाकीने येतो.’ आता तुमचे उत्तर काय? तुम्ही क्षणाचाही विचार न करता शून्य म्हणाल. एका बातमीने ०.४ चे थेट शून्य झाले. बातमी एवढी निर्णायक ठरली, याचाच अर्थ या दोन घटनांमध्ये संबंध आहे, आणि तोही साधासुधा नाही. एक घडली की दुसरी घडणे अशक्य होते, यापेक्षा घट्ट संबंध तो कोणता? सामाईक विद्यार्थी कोणी नाही म्हणजे संबंध नाही, असे म्हणताना आपण नेमकी हीच गोष्ट विसरतो. दोन्ही वर्तुळांत मिळून एकही सामाईक बिंदू नसणे हाच त्यांच्यातला संबंध आहे.

स्वतंत्र घटना कशा दिसतात ते याच वर्गात पाहू. ६० पैकी २० विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले आहेत आणि त्या २० पैकी ८ जण बसने येतात, असे समजा. पुन्हा चिठ्ठी उचलली. बसची संभाव्यता पूर्वीसारखीच ०.४. शेजारच्याने या वेळी सांगितले, ‘हा मराठी माध्यमातला आहे.’ आता आपले जग ६० जणांवरून २० जणांवर आले, आणि त्या २० पैकी ८ जण बसने येतात, म्हणजे संभाव्यता पुन्हा ०.४ च. बातमी खरी आहे, तिने ४० नावे बाद केली, तरीही बसविषयीचा अंदाज तसूभरही हलला नाही. त्याने जर सांगितले असते की हा मराठी माध्यमातला नाही, तरी उरलेल्या ४० पैकी १६ जण बसने येणारे, म्हणजे तेही ०.४ च. ‘विद्यार्थी बसने येतो’ आणि ‘विद्यार्थी मराठी माध्यमातला आहे’ या घटना स्वतंत्र आहेत असे म्हणायचे ते या अर्थाने. संपूर्ण वर्गात बसवाल्यांचा जो वाटा आहे तोच वाटा मराठी माध्यमाच्या गटातही आहे आणि त्याबाहेरही आहे.

यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. या स्वतंत्र घटनांमध्ये सामाईक विद्यार्थी आहेत, एक-दोन नव्हे तर ८ आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. मराठी माध्यमाच्या गटात बसवाल्यांचा वाटा ०.४ राहायचा असेल तर २० चे चार दशांश, म्हणजे ८ जण तिथे हवेतच. ते ७ असते किंवा ९ असते तर घटना स्वतंत्र राहिल्या नसत्या. व्याख्येतले सूत्र हेच सांगते:

P(A ∩ B) = P(A) × P(B)

दोन्ही घटना एकत्र घडण्याची संभाव्यता ही दोन संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी असावी, ना कमी ना जास्त. बस आणि मराठी माध्यमासाठी ०.४ गुणिले एक तृतीयांश म्हणजे ६० पैकी ८, आणि वर्गातही ८ च आहेत. बस आणि दुचाकीसाठी तोच हिशेब केला तर ०.४ गुणिले ०.३ म्हणजे ०.१२, म्हणजे ६० पैकी ७.२ विद्यार्थी सामाईक हवे होते, आणि वर्गात आहेत शून्य. अलग वर्तुळांना स्वातंत्र्याचे चित्र समजणारा विद्यार्थी या ७.२ च्या जागी शून्य पाहून समाधान मानतो, तर सूत्र त्यालाच मोठी तफावत म्हणते.

वेनच्या आकृतीने हा गोंधळ मिटत नाही, याचे कारण त्या आकृतीत वर्तुळे एकमेकांना छेदतात की नाही एवढेच दिसते, किती छेदतात याला तिथे किंमत नसते. त्यामुळे मी फळ्यावर वर्तुळे न काढता एक चौकोन काढते. त्याचे क्षेत्रफळ १ समजायचे, म्हणजे तो अख्खा वर्ग. डावीकडून चार दशांश अंतरावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारायची. तिच्या डावीकडे बसवाले, उजवीकडे बाकीचे. मग प्रत्येक पट्टीत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा जेवढा वाटा आहे तेवढ्या उंचीवर आडवी रेघ मारायची. बसवाल्या २४ जणांत मराठी माध्यमाचे ८, म्हणजे एक तृतीयांश. उरलेल्या ३६ जणांत १२, म्हणजे तेही एक तृतीयांश. दोन्ही पट्ट्यांतल्या आडव्या रेघा एकाच उंचीवर येतात आणि चौकोनाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सरळ रेघ तयार होते. हे स्वातंत्र्याचे चित्र. आता आडव्या रेघेने मराठी माध्यमाऐवजी दुचाकीवाले दाखवू. बसवाल्या पट्टीत दुचाकीवाले शून्य, म्हणून रेघ तळाशी. उरलेल्या ३६ जणांत दुचाकीवाले १८, म्हणून रेघ बरोबर अर्ध्या उंचीवर. उभ्या रेघेपाशी शून्यापासून अर्ध्यापर्यंतची मोठी पायरी दिसते. रेघ सरळ गेली तर घटना स्वतंत्र, पायरी पडली तर नाहीत. बस आणि दुचाकी यांच्या बाबतीत ही पायरी तळालाच टेकलेली आहे, त्याखाली ती जाऊच शकत नाही.

आता या वर्गात एक बदल करू, आणि या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा त्यातून समोर येईल. वर्गातला एक विद्यार्थी, जो बसने येत होता आणि मराठी माध्यमातला नव्हता, प्रवेश रद्द करून दुसरीकडे गेला. वर्ग ५९ जणांचा झाला. बसवाले २३, दुचाकीवाले १८, मराठी माध्यमाचे २०, आणि बसने येणारे मराठी माध्यमाचे पूर्वीसारखेच ८. बस आणि दुचाकी या घटना अजूनही परस्पर अपवर्जी आहेत का? अर्थातच आहेत, कोणी गेल्याने दोन अलग गट एकमेकांत मिसळत नाहीत. पण बस आणि मराठी माध्यम या घटना आता स्वतंत्र राहिल्या का? मराठी माध्यमाच्या गटात बसवाल्यांचा वाटा २० पैकी ८, म्हणजे ०.४ आहे, आणि संपूर्ण वर्गात तो ५९ पैकी २३, म्हणजे सुमारे ०.३९ आहे. दोन्ही समान नाहीत. व्याख्या काटेकोरपणे लावली तर स्वातंत्र्य गेले.

एवढेच नाही, ५९ जणांच्या वर्गात कोणत्याही दोन अर्थपूर्ण घटना काटेकोर अर्थाने स्वतंत्र असूच शकत नाहीत, मग तुम्ही गट कसेही पाडा. याचे कारण सुंदर आहे. स्वातंत्र्याची अट विद्यार्थ्यांच्या संख्येत लिहिली तर ती अशी होते: पहिल्या गटाची संख्या गुणिले दुसऱ्या गटाची संख्या बरोबर ५९ गुणिले सामाईक विद्यार्थ्यांची संख्या. ५९ ही मूळ संख्या आहे. डाव्या बाजूच्या गुणाकाराला ५९ ने पूर्ण भाग जायचा असेल तर दोहोंपैकी एका संख्येला तरी ५९ ने भाग गेला पाहिजे. पण दोन्ही गट वर्गापेक्षा लहान आहेत आणि रिकामे नाहीत, म्हणजे दोन्ही संख्या १ ते ५८ यांच्या दरम्यान आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही ५९ ने भाग जात नाही. म्हणून अट पूर्ण होणे अशक्य. ६० या संख्येचे अवयव पुष्कळ असल्यामुळे तिथे जागा होती, ५९ मध्ये ती उरली नाही.

यावरून दोन कल्पनांची जातच वेगळी आहे हे कळते. परस्पर अपवर्जी असणे हा गटांचा गुण आहे. कोणत्या गटात कोण आहे एवढे कळले की तो ठरतो, संभाव्यतेचा एकही आकडा लागत नाही. स्वातंत्र्य हा आकड्यांचा गुण आहे. तेच गट ठेवून संभाव्यता बदलल्या की ते येते आणि जाते. साध्या फाशावर सम संख्या पडणे आणि ३ च्या पटीतली संख्या पडणे या घटना पाहा. संभाव्यता एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश, दोन्हींत सामाईक फक्त ६, त्याची संभाव्यता एक षष्ठांश, म्हणून घटना स्वतंत्र. आता फासा असा जड केला की ६ पडण्याची संभाव्यता ०.२५ झाली आणि बाकी पाच आकड्यांची प्रत्येकी ०.१५. सम संख्येची संभाव्यता ०.५५, ३ च्या पटीची ०.४, त्यांचा गुणाकार ०.२२, आणि ६ ची संभाव्यता मात्र ०.२५. स्वातंत्र्य गेले, फाशावरचे आकडे तेच. याच फाशावर १ पडणे आणि ६ पडणे या घटना मात्र फासा कितीही जड केला तरी परस्पर अपवर्जीच राहतात. कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ साली संभाव्यतेच्या शास्त्राची जी मांडणी केली तिच्यातही हा फरक दिसतो. एकमेकींना वगळणाऱ्या घटनांच्या संभाव्यतांची बेरीज होते, हे त्या मांडणीच्या मूळ गृहीतकांतच आहे. स्वातंत्र्य मात्र त्यानंतर वेगळी व्याख्या करून आणावे लागते.

प्रत्यक्ष माहिती हाती आल्यावर दोहोंची तपासणीही म्हणूनच वेगवेगळ्या पद्धतीने होते. समजा, एक मुलगी सिंहगड रस्त्यावरून स्वारगेटपर्यंत दुचाकीने येते, गाडी तिथे लावते आणि पुढे बस पकडते. ‘मुख्य साधन कोणते’ याऐवजी आपण ‘कोणकोणती साधने वापरता’ असे विचारले असते तर ही एकटी मुलगी दोन्ही गटांत आली असती, आणि बस व दुचाकी या घटना त्याच क्षणी परस्पर अपवर्जी राहिल्या नसत्या. एक उदाहरण पुरते. बहुतेक वेळा घटना परस्पर अपवर्जी असतात त्या आपण प्रश्न तसा विचारलेला असतो म्हणून. स्वातंत्र्याविषयी मात्र एका विद्यार्थ्याकडे पाहून काहीच सांगता येत नाही, त्यासाठी संपूर्ण तक्ता मोजावा लागतो. तो मोजल्यावरही ५९ जणांच्या वर्गात २३ गुणिले २० भागिले ५९, म्हणजे सुमारे ७.८ च्या जागी ८ सामाईक दिसले, तर कोणताही जाणता संख्याशास्त्रज्ञ ‘माध्यमाचा बसशी संबंध आहे’ असे म्हणणार नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. फरक योगायोगापेक्षा मोठा आहे का, हे ठरवण्यासाठी काय-वर्ग कसोटी पुढच्या अभ्यासक्रमात येते. व्याख्येतले काटेकोर स्वातंत्र्य प्रतिमानात असते, आणि मोजलेल्या माहितीत आपण ते जवळपास दिसते का एवढेच विचारतो.

गोंधळाचे आणखी एक मूळ नाणेफेकीच्या उदाहरणात आहे, आणि ते आम्ही शिक्षकच पेरतो असे मला वाटते. एक नाणे दोनदा फेकले. पहिल्या फेकीत छापा आणि दुसऱ्या फेकीत छापा या घटना स्वतंत्र आहेत, हे आम्ही पहिल्याच तासाला सांगतो. विद्यार्थी मनाशी म्हणतो, या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी घडतात, म्हणजे त्या एकत्र घडत नाहीत, म्हणजे स्वतंत्र म्हणजेच एकत्र न घडणाऱ्या. इथे ‘एकत्र’ या शब्दाने त्याला फसवले. संभाव्यतेत ‘एकत्र घडणे’ म्हणजे एकाच वेळी घडणे नव्हे. पूर्ण प्रयोगाच्या एकाच निष्पत्तीत दोन्ही खऱ्या असणे. दोन फेकी मिळून एक प्रयोग धरला तर निष्पत्ती चार: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. पहिल्या फेकीत छापा यात पहिल्या दोन निष्पत्ती आहेत, दुसऱ्या फेकीत छापा यात पहिली आणि तिसरी. छापा-छापा ही निष्पत्ती दोन्हींत आहे, म्हणजे या घटना परस्पर अपवर्जी नाहीत. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या निष्पत्तींची यादी, पूर्ण लिहून काढण्याचा कंटाळा केला नाही तर ही चूक पहिल्याच ओळीत पकडली जाते.

परीक्षेत या गोंधळाची किंमत बेरीज-गुणाकाराच्या उदाहरणात मोजावी लागते. A ची संभाव्यता ०.४ आणि B ची ०.३ असताना दोहोंपैकी किमान एक घडण्याची संभाव्यता काढायची आहे. घटना परस्पर अपवर्जी असतील तर सरळ बेरीज करायची, उत्तर ०.७. स्वतंत्र असतील तर सामाईक भाग बेरजेत दोनदा मोजला गेलेला असतो, तो एकदा वजा करायचा, म्हणजे ०.७ मधून ०.१२ गेले, उत्तर ०.५८. दोन्ही कल्पनांची गल्लत करणारा विद्यार्थी ‘परस्पर अपवर्जी’ वाचून गुणाकार करतो किंवा ‘स्वतंत्र’ वाचून नुसती बेरीज करतो. दुसऱ्या प्रकारची चूक ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे. A ची संभाव्यता ०.७ आणि B ची ०.५ असे आकडे घेऊन पाहावेत. बेरीज १.२ होते, जी संभाव्यता असू शकत नाही, म्हणून अशा दोन घटना परस्पर अपवर्जी असणेच शक्य नाही. त्या स्वतंत्र मात्र खुशाल असू शकतात, आणि तेव्हा त्यांचा सामाईक भाग ०.३५ असतो.

दोन घटना परस्पर अपवर्जीही आहेत आणि स्वतंत्रही आहेत, असे कधी होतच नाही का, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. परस्पर अपवर्जी असल्यामुळे सामाईक भागाची संभाव्यता शून्य, आणि स्वतंत्र असल्यामुळे ती दोन्ही संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी. म्हणजे गुणाकार शून्य असायला हवा, आणि तो शून्य होण्यासाठी दोहोंपैकी एकीची तरी संभाव्यता शून्य असावी लागते. आपल्या वर्गात लोणावळा लोकलने येणारा एकही विद्यार्थी नाही. ‘विद्यार्थी लोकलने येतो’ ही घटना मराठी माध्यमाच्या घटनेशी परस्पर अपवर्जी आहे, आणि शून्य गुणिले एक तृतीयांश म्हणजे शून्यच असल्यामुळे तिच्यापासून स्वतंत्रही आहे. सुरुवातीच्या प्रश्नात संभाव्यता ०.४ आणि ०.३ दिलेल्या आहेत, दोन्ही शून्याहून मोठ्या. म्हणून वहीत लिहायचे उत्तर असे: सामाईक भागाची संभाव्यता शून्य आहे, गुणाकार ०.१२ आहे, दोन्ही समान नाहीत, म्हणून A आणि B स्वतंत्र नाहीत.